स्लाइड्सवरून कानाने उजळणी

फिजिऑलॉजीच्या लेक्चर स्लाइड्सवरून लोकलमध्ये ऐकायला पॉडकास्टसारखं स्क्रिप्ट कसं लिहू?

स्लाइड जशीच्या तशी वाचू नका. प्रत्येक स्लाइडमधून एक प्रश्न काढा, तो विचारा, पाच सेकंद गप्प राहा, मग उत्तर सांगा. त्या पाच सेकंदांत तुम्ही स्वतः आठवता आणि लक्षात राहतं ते त्यामुळेच. नुसतं ऐकलेलं ओळखीचं वाटतं, पण पेपरात सुचत नाही. आकृती असेल तर तिचा प्रवास करा: ‘मी रक्ताचा थेंब. उजव्या कर्णिकेतून त्रिदली झडप ओलांडून उजव्या जवनिकेत आलो. पुढची झडप कोणती?’ थांबा. ‘फुप्फुस धमनीच्या तोंडाशी असलेली.’ ‘आकृतीत दाखवल्याप्रमाणे’ असले शब्द सरळ खोडा. ईसीजीचे आलेख मात्र या पद्धतीत बसत नाहीत, ते घरी कागदावर काढूनच करावे लागतात.