सिलिंडरच्या पावतीत जाहीर दरापेक्षा तीस रुपये जादा

प्रश्न : मी बोरिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही. मे, जून आणि ऑगस्ट २०२५ या तिन्ही वेळी एजन्सीने सिलिंडरचे ८८२.५० रुपये घेतले. तेव्हा मुंबईचा दर ८५२.५० होता. पावतीत खाली ‘इतर आकार ३०’ असे छापलेले असते. विचारले तर ‘मजल्याचे आहेत’ म्हणतात. मे महिन्याची पावती हरवली, पण पैसे फोनवरून दिले होते. तक्रारीचे पत्र कसे लिहावे? पत्र दिल्यावर सिलिंडर अडवतील का? दोन्ही पावत्यांचे फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर : पत्र लिहिण्यापूर्वी आपला जाहीर दराचा आकडा पक्का करू, कारण बहुतेक तक्रारी तिथेच लटक्या पडतात. घरगुती सिलिंडरवर कमाल किंमत छापलेली नसते आणि वाहतूक खर्चामुळे दर गावागणिक बदलतो, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातील नातेवाइकाने किती दिले याला पुरावा म्हणून काही अर्थ नाही. आपल्या बाजारपेठेचा, त्या तारखेला लागू असलेला, तेल कंपनीने जाहीर केलेला दरच धरायचा. मुंबईत १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचा दर ८ एप्रिल २०२५ पासून ८५२.५० रुपये झाला आणि आपली तिन्ही सिलिंडरे त्यानंतरची, त्याच दराच्या काळातली आहेत. म्हणजे दर मध्येच बदलला, हे उत्तर एजन्सीला देता येणार नाही.

आता पावतीकडे पाहू. ८५२.५० या रकमेत ५ टक्के वस्तू व सेवा कर आधीच धरलेला आहे. मूळ किंमत ८११.९० आणि त्यावर केंद्राचा व राज्याचा प्रत्येकी २०.३० रुपये कर, अशी ती बेरीज होते. आपल्या जूनच्या पावतीत हे तिन्ही आकडे बरोबर उतरले आहेत आणि त्यांच्याखाली, कर न लावता, ‘इतर आकार’ म्हणून ३० रुपये जोडले आहेत. म्हणजे गॅसचा दर चुकून जास्त लागलेला नाही, तर योग्य दर लावून झाल्यावर वरची रक्कम वेगळी चढवली आहे. आपल्या पत्राचा सगळा भर या एका ओळीवर असावा. ‘गॅस महाग दिला’ असे लिहिले तर एजन्सी दरपत्रक दाखवून मोकळी होईल. ‘इतर आकार म्हणजे कशाचा आकार आणि तो कोणत्या आदेशाने’ असे विचारले तर तिला उत्तर द्यावे लागेल.

मजल्याचे उत्तर टिकणारे नाही. तेल कंपनी वितरकाला प्रत्येक सिलिंडरमागे जे कमिशन देते, त्यात आस्थापना खर्च आणि घरपोच पोहोचवण्याचा खर्च असे दोन भाग असतात आणि दोन्ही भाग ग्राहकाच्या किमतीत धरलेले असतात. म्हणूनच जो ग्राहक स्वतः गोदामातून सिलिंडर नेतो, त्याला पोहोचवण्याचा भाग किमतीतून वजा करून मिळतो. वितरकाच्या नेमून दिलेल्या क्षेत्रात घरपोच म्हणजे दारापर्यंत, मग दार तळमजल्यावर असो वा तिसऱ्या. सिलिंडर खांद्यावरून जिने चढवणाऱ्या माणसाचे कष्ट खरे आहेत आणि त्याच्या हातावर कोणी खुशीने काही ठेवले तर त्याची तक्रार होत नाही, तशी रक्कम परतही मागता येत नाही. मात्र तीच रक्कम पावतीवर छापली की ती खुशी राहत नाही, वितरकाने केलेली आकारणी होते. आपले प्रकरण भक्कम आहे ते यामुळेच. एक गोष्ट मात्र आठवून पाहावी. रबरी नळी बदलणे किंवा पाच वर्षांनी होणारी सक्तीची सुरक्षा तपासणी यांचे पैसे वेगळे घेता येतात. अशा एखाद्या कामाच्या कागदावर आपण सही केली असेल तर ते आधी तपासावे. दर सिलिंडरला तीस रुपये हा त्या कामांचा नमुना नव्हे, पण खात्री आपण करून घ्यावी.

पुरावा तीन जागी आहे. पहिला, आपल्या फोनवर. सिलिंडरचे बिल तयार होते तेव्हा नोंदवलेल्या क्रमांकावर कंपनीचा संदेश येतो. त्यात रक्कम ८५२.५० असेल आणि एजन्सीच्या पावतीवर ८८२.५०, तर हे दोन कागद शेजारी ठेवल्यावर वेगळे काही सांगावे लागत नाही. ते संदेश पुसू नका. मेच्या हरवलेल्या पावतीची उणीव हाच संदेश आणि बँकेच्या खातेउताऱ्यातील ८८२.५० ची नोंद मिळून भरून काढतील, मात्र ‘पावती उपलब्ध नाही’ हे पत्रात स्वतःहून सांगावे. दुसरा पुरावा दोन छापील पावत्या. तिसरा एजन्सीच्या कार्यालयातील दरफलक. एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेश, २००० नुसार वितरकाने साठा आणि दर ठळक जागी लावावे लागतात. एखाद्या दिवशी जाऊन त्या फलकाचा फोटो काढून ठेवावा. फलक नसेल तर रिकाम्या भिंतीचा काढावा, तीही तक्रारीची स्वतंत्र बाब आहे.

कायद्याचा आधार पत्रात दोनच ठिकाणी घ्यावा. वर सांगितलेला २००० चा आदेश अत्यावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ खाली काढलेला आहे आणि तेल कंपनीने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त घेण्याची मुभा तो वितरकाला देत नाही. दुसरा आधार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ चा. त्याच्या कलम २(६) मध्ये कायद्याने ठरलेल्या, किंवा विक्रेत्याने कायद्यानुसार लावलेल्या दरपत्रकातील किमतीपेक्षा जास्त किंमत घेणे ही तक्रारीची स्वतंत्र बाब म्हणून नोंदलेली आहे. यापलीकडे कलमांची रांग लावू नये. काळाबाजार, लूट, फसवणूक असे शब्दही टाळावेत, कारण ते सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. सिलिंडर आणणाऱ्याचे नाव घालू नये. आकारणी एजन्सीची आहे, त्याची नाही.

पत्र असे असावे :

*प्रति, व्यवस्थापक, (एजन्सीचे नाव व पत्ता).*

*विषय : ग्राहक क्रमांक (…), सिलिंडरच्या जाहीर किमतीपेक्षा जास्त आकारणी झालेली रक्कम परत मिळणेबाबत.*

*महोदय, मी आपल्या एजन्सीची नोंदणीकृत घरगुती ग्राहक आहे. दिनांक (…) मे, (…) जून व (…) ऑगस्ट २०२५ रोजी मला १४.२ किलोचे प्रत्येकी एक सिलिंडर मिळाले. त्या दिवशी मुंबईसाठी जाहीर किंमत ८५२.५० रुपये असताना माझ्याकडून प्रत्येक वेळी ८८२.५० रुपये घेण्यात आले. जून व ऑगस्टच्या पावत्यांत ३० रुपये ‘इतर आकार’ या नावाखाली दाखवले आहेत. मे महिन्याची पावती माझ्याकडे उपलब्ध नाही, मात्र कंपनीचा संदेश व खातेउतारा सोबत जोडला आहे. या दिवशी मी अन्य कोणतीही सेवा किंवा वस्तू घेतलेली नाही.*

*घरपोच पुरवठ्याचा खर्च जाहीर किमतीत समाविष्ट असल्याने ही आकारणी एलपीजी पुरवठा व वितरण नियमन आदेश, २००० शी विसंगत आहे आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(६) खाली तक्रारीस पात्र आहे. सबब, ‘इतर आकार’ कोणत्या आदेशानुसार घेतला ते लेखी कळवावे, जादा घेतलेले एकूण ९० रुपये मला परत करावेत आणि यापुढे अशी आकारणी होणार नाही याची लेखी हमी द्यावी. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास मला पुढील कायदेशीर मार्ग घ्यावा लागेल.*

*सोबत : पावत्या (२), संदेशांच्या प्रती (३), खातेउतारा (१). प्रत माहितीसाठी : संबंधित तेल कंपनीचे विभागीय कार्यालय, शिधावाटप अधिकारी, (कार्यालय).*

पत्रातील तारखा संदेशांवरून भराव्यात, आठवणीवरून नव्हे. ‘अन्य कोणतीही सेवा घेतलेली नाही’ हे वाक्य खरे असेल तरच ठेवावे. पत्र हातोहात द्यायचे असल्यास दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय निघू नये. शिक्का देण्यास नकार दिला तर वाद न घालता पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवावे. मूळ पावत्या कोणालाही देऊ नयेत, ‘बघून देतो’ म्हणून घेतलेल्या पावत्या परत येत नाहीत असा माझा अनुभव आहे.

नुसते एजन्सीला लिहून काम होईलच असे नाही, म्हणून खालच्या दोन प्रती मी मुद्दाम धरल्या आहेत. वितरकाचा करार तेल कंपनीशी असतो आणि जादा आकारणी हा कंपनीच्या शिस्तविषयक मार्गदर्शक तत्त्वांत दंडास पात्र ठरणारा दोष आहे. त्यामुळे विक्री अधिकाऱ्याकडून विचारणा झाली की एजन्सीचा सूर बदलतो. मुंबईत शिधावाटप कार्यालय आणि इतर जिल्ह्यांत पुरवठा अधिकारी हा शासनाचा हात. कंपनीकडे १८००२३३३५५५ या क्रमांकावर आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवावा.

सिलिंडर अडवण्याची आपली भीती मी हलकी मानत नाही, घरात एकच सिलिंडर असेल तर ती रास्तच आहे. पण नोंदणी कंपनीच्या यंत्रणेत होते, तिचा क्रमांक आपल्याकडे असतो आणि मुद्दाम विलंब केल्यास तो विलंब तिथेच दिसतो. पत्र देण्यापूर्वी पुढचे सिलिंडर नोंदवून ठेवावे आणि पैसे कंपनीच्या अॅपवरून आगाऊ भरावेत. मग दारात पैशाचा प्रश्नच उरत नाही आणि वेगळी पावती फाडायला जागा राहत नाही. पोहोच झाल्याची खूण म्हणून विचारला जाणारा चार आकडी संकेतांक सिलिंडरचे वजन व सील पाहिल्यावरच सांगावा. संबंध फारच बिघडले तर त्याच कंपनीच्या जवळच्या दुसऱ्या वितरकाकडे जोडणी हलवण्याची सोय आहे.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आपण जिथे राहता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते, वकील लावणे सक्तीचे नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. तरीही नव्वद रुपयांसाठी तारखा घालणे आपल्याला परवडणारे नसेल, तर इमारतीतील इतरांच्या पावत्या पाहाव्यात. तोच ‘इतर आकार’ त्यांच्याकडेही असेल, तर कलम ३५ नुसार समान हितसंबंध असलेल्या ग्राहकांची एकत्रित तक्रार आयोगाच्या परवानगीने करता येते आणि ही आकारणी बंद करण्याचा आदेश मागता येतो. मला हाच मार्ग अधिक उपयोगी वाटतो. मुदत दोन वर्षांची आहे आणि ती प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळी मोजली जाईल, असे धरून मेच्या व्यवहारासाठी मे २०२७ ही सीमा लक्षात ठेवावी. पत्रव्यवहार चालू राहिला तरी ही मुदत आपोआप वाढत नाही.