ट्रेडमार्कचा वाद आणि मसाल्याची जुनी बिलं

प्रश्न: कोल्हापुरात २०११ पासून आमच्या नावानं कांदा-लसूण मसाला विकतो. ट्रेडमार्क कधी काढला नाही. आता त्याच नावाचा दुसऱ्याचा अर्ज ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये आलाय, 'वापर २०१९ पासून' असं लिहिलंय. नाव गेलं का आमचं?

उत्तर: नाही गेलं. पण आधी जर्नलची तारीख बघा. तिथून चार महिन्यांत विरोधाची नोटीस द्यावी लागते, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. फॉर्म टीएम-ओ, ऑनलाइन भरला तर मालाच्या एका वर्गाला २,७०० रुपये. मसाला वर्ग ३० मध्ये येतो. विरोध करायला स्वतःची नोंदणी लागत नाही.

नोटीस मिळाल्यावर दोन महिन्यांत समोरच्यानं काउंटर स्टेटमेंट, म्हणजे लेखी उत्तर, दिलं नाही, तर त्याचा अर्ज सोडून दिला असं धरतात. दिलं, तर ते तुमच्या हाती पडल्यापासून दोन महिन्यांत तुमचा पुरावा प्रतिज्ञापत्रावर ट्रेडमार्क रजिस्ट्रीत जायला हवा, आणि प्रत समोरच्यालाही. विरोध पडतात ते बहुतेक इथेच. नोटीस दिली की लोक निर्धास्त होतात, आणि रजिस्ट्रीची ईमेल कुणी उघडत नाही.

पुरावा कुठला, ते तुमच्या बाबतीत सोपं आहे: २०१९ च्या आधीचा. त्यानं २०१९ सिद्ध केलं नाही, तर त्याच्या अर्जाची तारीख धरली जाईल, पण त्या भरवशावर राहू नका. अडचण अशी, की आपल्याकडच्या बिलांवर 'मसाला ५ किलो' एवढंच असतं, नाव नसतंच. अशा बिलांनी धंदा सिद्ध होतो, नाव नाही. म्हणून छापखान्याकडे जा. पाकिटं-लेबलं छापल्याची २०१२-१३ ची बिलं, त्यासोबत लेबलाचा नमुना, हा माझ्या मते सगळ्यात भक्कम कागद. जुनी वर्तमानपत्रातली जाहिरात, तारखेसह प्रदर्शनातल्या स्टॉलचा फोटो, जुन्या दुकानदारांची प्रतिज्ञापत्रंही जोडा. वर्ष चुकू देऊ नका. दर वर्षाचा एखादा तरी कागद असला तर वापर अखंड दिसतो.

नावात 'कोल्हापुरी' शब्द असेल, तर त्यावर मात्र भांडू नका. तो ना तुमचा ना त्याचा. भांडण उरलेल्या शब्दाचं.

चार महिने उलटून त्याची नोंदणी झालीच, तर रेक्टिफिकेशनचा, म्हणजे नोंदवहीतून नाव काढून टाकण्याचा अर्ज करता येतो, रजिस्ट्रारकडे किंवा उच्च न्यायालयात. त्याला चार महिन्यांची अट नाही. पण अर्ज चालू असताना त्याची नोंदणी जिवंतच राहते आणि तो उलट तुमच्यावर दावा लावू शकतो. तेव्हा ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ३४ मधला आधीच्या वापराचा बचाव तुमच्याकडे असतो, आणि तोही याच कागदांवर उभा राहतो.

विरोधाबरोबरच स्वतःचा अर्जही टाका, फॉर्म टीएम-ए, वापर २०११ पासून असं लिहून. तपासणीत त्याचा आधीचा अर्ज आडवा येईलच. उत्तरात चालू विरोध आणि हेच पुरावे दाखवायचे.