शोधनिबंधाच्या सलग सारांशाचे चार भाग करताना

नुसते मथळे मध्ये घुसवू नका. पहिल्यांदा सगळे तेच करतात. आधी सारांशाची प्रिंट काढा आणि प्रत्येक वाक्यापुढे पा, प, नि, अ यांपैकी एक अक्षर लिहा: पार्श्वभूमी, पद्धती, निष्पत्ती, अनुमान. ज्या वाक्याला दोन अक्षरं लागतील, ते तोडायचं.

समजा तुमचं वाक्य असं आहे: "१२० गर्भवतींच्या तपासणीत ४८ जणींना ॲनिमिया आढळल्याने सर्वांना लोहाच्या गोळ्या द्याव्यात." यात तीन अक्षरं बसतात. तोडल्यावर:

- पद्धती: पहिल्या तपासणीला आलेल्या गर्भवतींचं हिमोग्लोबिन मोजलं, ११ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी म्हणजे ॲनिमिया.
- निष्पत्ती: १२० पैकी ४८ जणींना (४०%) ॲनिमिया होता.
- अनुमान: या दवाखान्यात दर पाच गर्भवतींमागे दोघींना ॲनिमिया आढळला.

गोळ्या गेल्या कुठे? तुम्ही गोळ्या देऊन पाहिल्याच नाहीत, मग तो सल्ला अनुमानात येत नाही. सलग मजकुरात अशी उडी खपून जाते, मथळ्याखाली लगेच उघडी पडते. उलट ११ ची मर्यादा मूळ वाक्यात नव्हतीच. तोडल्यावर पद्धतींचा भाग असा रिकामा दिसला, तर माहिती मूळ लेखातून आणा, आठवणीतून नको.

पार्श्वभूमी दोन वाक्यांत उरका, दुसऱ्यात उद्देश. नवखे लोक निम्मे शब्द तिथेच घालवतात आणि निष्पत्तीला "फरक लक्षणीय होता" एवढंच उरतं. किती फरक, तो आकडा हवा.

शब्दमर्यादा आणि मथळ्यांची नेमकी नावं नियतकालिकाच्या सूचनांत बघून घ्या. संख्याशास्त्राचं नंतर बोलू.