रीड डिफ्यूझर पहिल्यांदा लावताय? आधी काड्या मोजा

ताई, रीड डिफ्यूझर म्हणजे सुगंधी तेलाच्या बाटलीत उभ्या काड्या, त्या तेल वर ओढून खोलीत वास पसरवतात. डब्यात आठ काड्या आल्या म्हणून आठही घालू नका. दहा बाय बाराच्या खोलीला १०० मिलीच्या बाटलीत चारच घाला. तासाभराने त्या उलट्या करा आणि एक दिवस थांबा. वास कमी वाटला तरच पाचवी. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये तेल भराभर उडतं, तेव्हा तीनच पुरतात.

तेल स्वतः मिसळणार असाल तर ८० मिली डिफ्यूझर बेसला, म्हणजे सुगंध काडीत चढवणाऱ्या पातळ द्रवाला, २० मिली सुगंधी तेल. खोबरेल अजिबात नको, ते जाड असल्यामुळे काडीत चढतच नाही. काडीचं वरचं टोक दुसऱ्या दिवशीही कोरडं दिसलं, तर तेल जाड आहे असं समजा.

बाटली दाराजवळ, येता-जाता हवा हलते तिथे ठेवा. पंख्याखाली किंवा उन्हाच्या खिडकीत नको. खाली बशी हवीच, सांडलेलं तेल फर्निचरचं पॉलिश खातं. देवघरातल्या समईपासून लांब, कारण हे तेल पेट घेतं.

वास कमी झाला की लगेच तेल ओतू नका. आधी काड्या उलट्या करा, आठवड्यातून एकदा पुरे. तळाशी पाव बाटली उरली की भरा, आणि तेव्हा काड्याही नव्या घाला. जुन्या काड्या धुळीने तुंबलेल्या असतात.