गटाराचा कोपरा दोनदा मोजू नका

निपाणीकडच्या काळ्या मातीतले रस्त्याकडेचे गटार आतून 600 मिमी रुंद व तितकेच खोल, तळ आणि भिंती 150 मिमी जाडीच्या, असे धरा. तळ बाहेरच्या कडेपर्यंत 0.90 मीटर घेतल्यास मीटरमागे 0.135 आणि दोन्ही भिंती तळाच्या वरून मोजल्यास 0.18, असे 0.315 घनमीटर काँक्रीट लागते. नवखे लोक भिंत 0.75 मीटर उंच धरतात, त्यामुळे कोपरे दोनदा मोजले जाऊन शंभर मीटरला साडेचार घनमीटर फुकट वाढतात.

8 मिमीच्या यू सळ्या 150 मिमी अंतरावर आणि लांबीच्या अकरा सळ्या घेतल्यास मीटरमागे लोखंड सुमारे 10 किलो होते. जोडावर सळ्या एकमेकींवर चढतात तो लॅप वेगळा धरावा. खालचे 1.10 मीटर रुंद, 150 मिमी जाडीचे दगडी सोलिंग मीटरमागे 0.165 घनमीटर भरते, परंतु हे ठोकून बसवलेले माप असल्याने दगड त्याहून जास्त मागवावा.