ग्रुपवर टाकलं म्हणजे बोलावलं असं होत नाही

प्रश्न : फॅमिली ग्रुपवर गेट-टुगेदरची तारीख विचारली की सगळे मेसेज वाचतात, पण कोणाला कधी जमतं ते कोणीच कळवत नाही. काय करावं?

"कधी जमेल?" हे विचारणं आधी बंद करा. त्याचं उत्तर द्यायला माणसाला घरातल्या सगळ्यांच्या सुट्ट्या, मुलांच्या परीक्षा, पुढची लग्नं आठवावी लागतात. एवढं करून आपण सुचवलेली तारीख दुसऱ्याला नको असली तर वाईटपणा आपल्याकडेच. म्हणून जो तो दुसऱ्याने आधी बोलायची वाट बघतो. त्यात एखाद्या काकांनी "तुम्हीच ठरावा, आम्ही येतस" लिहिलं की विषय संपला. खाली नुसते अंगठे आणि जोडलेले हात. अंगठा म्हणजे "वाचलं". तो होकार धरून पुऱ्यांची कणीक मळायला घेऊ नका.

मी हे इतकं ठामपणे सांगतेय, कारण आमच्या घरात यावरूनच भाऊ-बहिणीचा अबोला झाला. सासरचं शेत यावल तालुक्यात. दर हिवाळ्यात तिथे भरीत असतं. बामणोदची वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, सोबत कळण्याची भाकरी आणि पुऱ्या. माणसं मात्र सुरत, पुणे, नाशिक, अमळनेर अशी पांगलेली. एका वर्षी माझ्या दिरांनी रात्री ग्रुपवर लिहिलं, "भरीत कधी ठेवायचं? सगळ्यांनी सांगा." सकाळी त्यावर सुप्रभातची फुलं आली, मग कोणाच्या तरी नातवाचा वाढदिवस आला, आणि मेसेज वर निघून गेला. शेवटी दिरांनीच एक रविवार धरला आणि तोही ग्रुपवरच टाकला.

सुरतच्या नणंदबाईंना भरीत झाल्याचं फोटोंवरून कळलं. "माझ्या बापाच्या शेतात भरीत झालं आणि मला बोलावणं नाही," एवढंच त्या फोनवर बोलल्या आणि ठेवून दिला. दिरांचं म्हणणं, "ग्रुपवर टाकलं होतं ना! ताईने वाचलंय, हे बघ." त्यांनी आपला मेसेज दाबून धरून माहिती उघडली, तर वाचलेल्यांच्या यादीत ताईंचं नाव खरंच होतं. पण संध्याकाळभर ताईंचा फोन नातवाच्या हातात असतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. मेसेज फोनवर उघडला गेला एवढंच ती यादी सांगते. तो कोणी उघडला हे तिला कसं कळणार? आणि वाचला असता तरी ते बोलावणं नव्हतं. लेकीला भाऊ किंवा भावजय स्वतः फोन करते तेव्हा ते बोलावणं. दिरांना हे आजही पटलेलं नाही. मला यात दुसरी बाजू दिसत नाही.

त्यानंतर तारखेचं काम मी माझ्याकडे घेतलं. आता ग्रुपवर एक अक्षर टाकायच्या आधी मी तीन फोन करते. पहिला शेत बघणाऱ्या दिरांनाच : कापसाची वेचणी कधी आहे, शेतात दिवसाची लाईट कोणत्या आठवड्यात आहे. पन्नास माणसांना पाणी लागतं आणि रात्रीच्या लाईटवर मोटर चालवून भागत नाही. दुसरा चुलत सासऱ्यांना, कारण सगळं ठरल्यावर "त्या दिवशी नको" म्हणायचा मान त्यांचा आहे. तो मान त्यांना आधीच दिलेला बरा. तिसरा ताईंना. या तिघांना चालतील त्याच तारखा ग्रुपवर जातात.

मग पोल. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये बारा पर्याय देता येतात, पण तीनच्या वर तारखा दिल्या की मतं विखुरतात आणि प्रत्येक तारखेला कोणी ना कोणी गळतं. Allow multiple answers चालू ठेवा आणि स्पष्ट लिहा, "आवडती तारीख नको, जमणाऱ्या सगळ्या तारखांवर खूण करा." हे न लिहिल्यास लोक निवडणुकीसारखं एकच मत देतात. मग ज्याला तिन्ही तारखा चालतात तोही एकाच तारखेचा धरला जातो. चौथा पर्याय हवाच : "यातलं एकही जमत नाही." तो नसला तर ज्याला जमत नाही तो गप्प बसतो आणि ज्याने बघितलंच नाही तोही गप्प. दोघं वेगळे ओळखू येत नाहीत. आणि घरटी एकच मत, नाहीतर नवरा एक तारीख सांगतो, बायको दुसरी.

शेवटची मुदत देताना तिचं कारण सांगा. २०२५ चं उदाहरण घ्या. तारखा होत्या १४ डिसेंबर, २८ डिसेंबर आणि ११ जानेवारी, सगळे रविवार. रेल्वेचं आरक्षण हल्ली ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ च्या आधी ते १२० दिवस होतं). पुणेकरांना २७ डिसेंबरला निघायचं तर त्यांचं तिकीट २८ ऑक्टोबरला खुलं होणार. म्हणून भाऊबीजेला, २३ ऑक्टोबरला, सगळ्यांच्या हातात फोन असताना पोल टाकला आणि लिहिलं, "२६ तारखेच्या रात्रीपर्यंत सांगा, २८ ला तिकिटं काढायची आहेत." १४ डिसेंबरवर पुणेकरांनी खूण केलीच नाही, त्या तारखेचं आरक्षण उघडून आठवडा उलटला होता. ११ जानेवारीला नाशिकच्या घरात लग्न निघालं. २८ डिसेंबरला शाळांना नाताळची सुट्टी, ती तारीख पक्की झाली.

मुदतीच्या आदल्या दिवशी मी View votes उघडून बघते. ज्या घराचं नाव एकाही पर्यायाखाली नाही, त्यांना ग्रुपवर नाव घेऊन टोकत नाही. चारचौघांत टोकलं की माणूस हट्टाला पेटतो. त्यांना वेगळा मेसेज करते, त्यातही तारखा परत विचारत नाही : "मामी, २८ डिसेंबर ठरत आलंय, तुमच्याकडचे चौघं धरू का?" याला हो किंवा नाही एवढंच म्हणायचं असतं, आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत उत्तर येतं. "बघतो" आलं तर मी ते "नाही" धरते आणि तसं कळवतेही, "बरं, सध्या तुम्हाला धरत नाही, जमलं तर आदल्या रात्रीपर्यंत सांगा." वांगी थोडी जास्तच आणलेली असतात.

हे सगळं तारीख आपल्या हातात असेल तेव्हाचं. कानबाईच्या सणासारखं काही असेल, जिथे नागपंचमीनंतरचा रविवार ठरलेलाच असतो, तिथे पोल टाकू नका, लोकांना राग येतो. तिथे फक्त "किती जण येणार" विचारा. ग्रुप दहा-बारा जणांचा असेल तर पोलच्या भानगडीत न पडता सरळ फोन करा. तारीख पक्की झाल्यावर ती ग्रुपवर टाका, जरूर टाका, पण त्याच संध्याकाळी घरातल्या लेकींना आणि सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना फोन झाला पाहिजे, आणि तो ज्याच्या शेतात कार्यक्रम आहे त्यानेच करायचा. आमच्याकडे आता ताईंना दीरच फोन करतात.