रिलोकेशनचे साठ हजार आणि बँकेचे तीन लाख

वाचकाचं पत्र: मी वाळूजला क्वालिटी इंजिनिअर आहे, पगार हातात ४१,००० येतो. बंगळूरूच्या कंपनीकडून ९ लाखांच्या पॅकेजची ऑफर आली आहे. त्यात रिलोकेशनचे ६०,००० आणि व्हेरिएबल ९०,००० धरले आहेत. सोमवारपर्यंत होकार द्यायचा आहे, राजीनामा अजून दिलेला नाही. एचआर मॅडम फोनवर म्हणाल्या, 'राहण्याचं आणि सामानाचं कंपनी बघते.' तिकडे घराचं डिपॉझिट मोठं असतं म्हणून बँकेतून ३ लाख पर्सनल लोन घेतलं, पैसे मागच्या आठवड्यात खात्यात आले. तिथल्या साहेबांनी सोबत वर्षाला ५०,००० हप्त्याची पॉलिसी काढून दिली, पाच वर्षांत दुप्पट होतात म्हणाले. बचत म्हणून ८०,००० ची एफडी आहे. पत्नी आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊनच जाणार आहे. रिलोकेशनबद्दल एचआरला पुन्हा विचारलं तर ऑफर हातची जाईल का? नेमकं काय विचारू?

ऑफर जाणार नाही. हे प्रश्न एचआरकडे रोज येतात. फोनवर बोलणाऱ्या मॅडमकडे बहुधा उमेदवार शोधण्याचं काम असतं, कंपनीची रिलोकेशन पॉलिसी त्यांनाही दुसऱ्या कुणाला विचारूनच सांगावी लागते. म्हणून 'कंपनी बघते' या शब्दांना काडीची किंमत देऊ नका. विचारायची वेळ हीच आहे, होकार द्यायच्या आधी. सही झाली, राजीनामा गेला की कुणाला उत्तराची घाई राहत नाही.

पण त्याआधी तुमच्या लोनबद्दल बोलतो, कारण तुम्ही विचारलेलं नसलं तरी खरं नुकसान तिथे आहे.

तुम्ही बहुधा धरून चाललात की डिपॉझिट कर्जातून भरू आणि रिलोकेशनचे पैसे आले की कर्ज मिटवू. साठ हजारांत तीन लाख कसे मिटणार? शिवाय घराचं डिपॉझिट रिलोकेशनमध्ये सहसा बसतच नाही. ती परत मिळणारी रक्कम आहे, खर्च नव्हे, असं कंपनी म्हणते. प्रवासभाडं, सामानाची वाहतूक, पहिले काही दिवस गेस्ट हाऊस किंवा हॉटेल, कधी एजंटची दलाली, इतपतच यादी असते. बंगळूरूला डिपॉझिट पाच-सहा महिन्यांच्या भाड्याएवढं सहज मागतात. २२,००० भाड्याचं घर धरलं तर एक लाख दहा हजार अडकले, आणि घर सोडताना रंगरंगोटीच्या नावाखाली महिन्याभराचं भाडं कापून घेण्याची तिकडे रीत आहे.

आता महिन्याचा हिशेब. नऊ लाखांतून रिलोकेशन आणि व्हेरिएबल काढा, राहिले साडेसात. त्यातून कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी गेली की ६.९ लाखांच्या आसपास, म्हणजे महिन्याला सत्तावन हजार. तुमचा पीएफ आणि व्यवसाय कर वजा जाता हातात साधारण ५३,०००. त्यातून भाडं २२,०००, लोनचा हप्ता (१४ टक्के आणि तीन वर्षं धरून) सव्वादहा हजार आणि पॉलिसीचे महिन्याला चार हजार दोनशे. उरतात साडेसोळा हजार, तिघांच्या सगळ्या खर्चाला. आज वाळूजला ९,००० भाडं धरलं तर तुमच्याकडे ३२,००० उरतात. पगार बारा हजारांनी वाढला आणि हातातला पैसा निम्मा झाला.

पाच वर्षांत दुप्पट व्हायला वर्षाला जवळपास पंधरा टक्के लागतात. असं खात्रीने मिळत असतं तर बँकेने तीन लाख तुम्हाला दिलेच नसते, स्वतः पॉलिसी घेऊन बसली असती. अशा पारंपरिक पॉलिसीतून हाती पडतात पाच-साडेपाच टक्के, तेही पंधरा-वीस वर्षं धीर धरला तर. चौदा टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना पाच टक्क्यांत पैसे कोंडायचे, हा सल्ला देणाऱ्याला कमिशन दिसत होतं, तुम्ही नाही. लोनसाठी पॉलिसी घेणं सक्तीचं नसतं. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत कारण लिहून परत करता येते, या सोयीला फ्री लूक म्हणतात. स्टँप ड्युटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची रक्कम कापून बाकी पैसे मिळतात. अर्ज विमा कंपनीला ईमेलने करा आणि शाखेत दिलेल्या प्रतीवर पोच शिक्का घ्या. 'साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या' यात तीस दिवस सहज जातात.

लोनच्या करारात मुदतपूर्व फेडीचा दंड आणि किती हप्त्यांनंतर फेडता येतं, ते बघा. आत्ता फेडता येत असेल तर दंड सोसूनही फेडा. येत नसेल तर पैसे वेगळ्या एफडीत ठेवा, घराच्या डिपॉझिटसाठी त्यांना हात लावू नका.

डिपॉझिट लागतंच कशाला? पहिले तीन महिने एकटे जा. कंपनीचं गेस्ट हाऊस संपलं की जेवणासकटचं पीजी घ्या, दहा-बारा हजारांत भागतं. इकडचं घर चालू ठेवा. भाडं ९,००० आणि पीजी ११,००० जाऊन ५३ पैकी ३३ हजार राहतात, आजच्याइतकेच. सुरुवातीच्या खर्चाला एफडी पुरते. प्रोबेशनचा अंदाज आला, तिकडच्या वस्त्या पायाखालून गेल्या की मग बायको-लेकराला न्या. तेव्हाही भाडं जाऊन ३१ हजारच उरतील, तेही महागड्या शहरात. पैशासाठी जात असाल तर एचआरकडे फिक्स्ड पगार वाढवून मागा. कामाच्या अनुभवासाठी जात असाल तर जरूर जा.

या बेतामुळे एचआरला विचारायचा पहिला प्रश्नही बदलतो: खर्चाची बिलं जॉइन झाल्यापासून किती दिवसांत द्यायची? बऱ्याच ठिकाणी ही मुदत साठ किंवा नव्वद दिवसांची असते, आणि तुमचं सामान तर चौथ्या महिन्यात निघणार. 'कुटुंब नंतर येणार आहे, सामानाचं बिल सहा महिन्यांपर्यंत चालेल का' असं स्पष्ट लिहा आणि उत्तर मेलवरच मागा.

दुसरं, साठ हजार एकरकमी देणार की बिलांवर? तुमच्या पगारावर नव्या करप्रणालीत कर लागत नाही, त्यामुळे एकरकमी मिळत असतील तर बिनधास्त घ्या. बिलांवर देणार असतील तर कोणती बिलं चालतात ते विचारा. इथेच माणसं फसतात. वाळूजचा ओळखीचा टेम्पोवाला पस्तीस हजारांत हजारेक किलोमीटर सामान नेतो, पैसे रोख घेतो आणि कच्ची पावती लिहून देतो. अकाउंट्सवाले ती बाजूला ठेवतात, कारण त्यांना जीएसटी क्रमांकाचं बिल हवं असतं. काही कंपन्या आधी दोन-तीन कोटेशन मागतात, काहींचा ट्रान्सपोर्टर ठरलेला असतो. त्याच्याकडे पंचेचाळीस पडले आणि कंपनीने भरले तरी पस्तीसच्या कच्च्या पावतीपेक्षा ते स्वस्तच.

गेस्ट हाऊस किती दिवस आणि त्याचे पैसे याच साठ हजारांतून कापणार का, तेही विचारा. हॉटेलचे पंधरा दिवस कापले तर सामानाला काही उरत नाही.

शेवटचा प्रश्न वसुलीचा. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर रिलोकेशन परत करावं लागतं, असं कलम बहुधा असतं. कंपनीनेच काढलं तर काय, आणि महिन्यांच्या हिशेबाने रक्कम कमी होते का, हे दोन्ही लिहून घ्या.

पॉलिसी परत करायचा अर्ज आज, एचआरला मेल उद्या सकाळी. सोमवारपर्यंत उत्तर आलं नाही तर तीन-चार दिवसांची मुदत मागा. राजीनामा त्या उत्तरानंतरच.